हायलायटर मारलेल्या पानाचा फोटो काळा-पांढरा केला की ओळी गायब! काय करावं?

सई_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. प्रश्न लहान आहे, पण तीन आठवडे छळतोय.

अप्पा बळवंत चौकातून राज्यघटनेचं एक जुनं पुस्तक निम्म्या किमतीत घेतलं. आधीचा मालक बहुधा रंगपंचमीला जन्मलेला असावा. पिवळा, गुलाबी, हिरवा, निळा असे चार हायलायटर त्याने पानापानावर फिरवलेत. मला पुस्तक हातात धरून वाचायला काहीच त्रास नाही. पण माझी मामेबहीण वाईला असते, तीही परीक्षेची तयारी करतेय. रोज रात्री मी तिला दहाबारा पानांचे फोटो पाठवते. ती फोनवरच्या स्कॅनमध्ये ते काळे-पांढरे करून दुकानातून प्रिंट काढते, कारण रंगीत प्रिंट परवडत नाही.

परवा तिचा फोन आला, "ताई, कलम १६ मध्ये भाषणस्वातंत्र्य कधीपासून आलं?" मी चक्रावले. पान काढून बघितलं तर तिथे स्वच्छ १९ छापलंय. वर गुलाबी पट्टा आहे. तिच्या प्रिंटमध्ये तो पट्टा अख्खा करडा-काळा झाला होता आणि ९ चं काय उरलं होतं ते देव जाणे. गंमत अशी की त्याच पानावरच्या पिवळ्या ओळी एकदम स्वच्छ आल्यात.

तर मग पिवळं चालतं आणि गुलाबी चालत नाही, असं का? आणि पुस्तक तर रंगवून झालंय, आता फोटोतून हे रंग घालवता येतात का?

---

पेठी_खडूस

पुस्तकावर रेघा मारणाऱ्यांना वर जागा नाही. आमच्या वेळी पेन्सिलीने समासात बारीक टिंब द्यायचो, तेही वाचून झालं की खोडायचो. पाठ्यपुस्तक म्हणजे काय होळीचा पिचकारीवाला शर्ट आहे? माझं मत असं की अभ्यास करताना हायलायटर वापरूच नये, त्याने लक्षात राहतं हा निव्वळ भ्रम आहे. यावर

---

पेठी_खडूस

(अर्धवट पाठवलं गेलं.) यावर स्वतंत्र धागा काढावा म्हणतो.

---

सई_कर्वेनगर

काका, रेघा मी नाही मारल्या हो! मी फक्त विकत घेतल्या :)

---

ढेपेवाडा

सोप्पं आहे. पिवळा रंग मुळातच फिका, गुलाबी गडद. गडद रंग काळा-पांढरा केला की काळपट होणार. फोन आधी राखाडी मोडवर टाकायचा, ब्राइटनेस वाढवायचा, काम झालं. यात तीन आठवडे छळण्यासारखं काय आहे?

---

सई_कर्वेनगर

ब्राइटनेस वाढवून बघितलाय. पट्टा थोडा उजळतो, पण बाकीच्या पानावरची अक्षरं बारीक होत जातात आणि अनुस्वार उडतात. "संघ"चा "सघ" होतो. पट्टा पूर्ण जाईपर्यंत उजळलं तर अर्धं पान जातं.

---

प्रोसेस_काका

सई, ढेपेवाडा यांचं अर्धं बरोबर आहे. मी छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर बावीस वर्षं काढली, त्यामुळे या विषयात नाक खुपसल्याशिवाय राहवत नाही. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. हायलायटर अक्षर झाकत नाही. त्याची शाई पारदर्शक असते आणि ती कागदाचा रंग बदलते, छापील काळं अक्षर काळंच राहतं. म्हणून तर तुम्हाला हातात पुस्तक घेऊन वाचता येतं. बिघडतो तो अक्षर आणि त्याच्या मागचा कागद यांच्यातला फरक. डोळ्याला हा फरक उजेडाचाही दिसतो आणि रंगाचाही. काळा-पांढरा फोटो झाला की रंगाचा फरक संपला, फक्त उजेडाचा उरला.

आता पिवळा "फिका" का? फोन प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे ठेवतो: लाल, हिरवा, निळा. राखाडी करताना तो तिघांची सरळ सरासरी काढत नाही. साधारण ५९ टक्के वजन हिरव्याला, ३० लालला आणि निळ्याला जेमतेम ११. आपल्या डोळ्यालाही हिरव्याचाच उजेड जास्त जाणवतो, म्हणून हा हिशोब.

पिवळी शाई कागदावरचा फक्त निळा प्रकाश खाते. निळ्याचं वजन ११, म्हणजे तिने चोरी केली ती घरातल्या सगळ्यात गरीब माणसाकडे. हिशोबात ती दिसतच नाही. गुलाबी शाई खाते हिरवा. तिने थेट तिजोरीच फोडली.

आकड्यांत बघा. तुमच्या पानावर उजेड ठीक असेल तर कोरा कागद राखाडीत साधारण २३० येईल, काळं अक्षर ५० च्या आसपास. पिवळ्या पट्ट्याचे तीन आकडे समजा लाल २४०, हिरवा २४०, निळा ९०. वजनं लावलीत की २२३ येतात, म्हणजे जवळजवळ कोरा कागदच. गुलाबीचे समजा २४५, ११०, १७०. त्याचे येतात १५७. आता स्कॅनने "१६० च्या खाली सगळं काळं" अशी रेघ ओढली, की अक्षर काळं, पट्टाही काळा. तुमच्या बहिणीचा ९ तिथे बुडाला.

आणि तुम्ही ब्राइटनेस वाढवलात तेव्हा काय झालं? १५७ चा पट्टा उजळला खरा, पण त्याच्याबरोबर अक्षराच्या कडांचे फिकट ठिपकेही वर गेले. अनुस्वार म्हणजे दोनचार ठिपक्यांचा जीव. तो पहिला जातो.

---

ढेपेवाडा

मान्य काका. "फिका" आणि "गडद" इतकं सरळ नाही तर.

---

मुठाकाठची

"घरातल्या सगळ्यात गरीब माणसाकडे चोरी" हे फार आवडलं :D

---

रंगांधळा_राघू

मी लाल-हिरवा रंगांध. तुमचे हे सगळे "रंगीबेरंगी" नोट्स मला कायमच सईच्या बहिणीच्या प्रिंटसारखे दिसत आले आहेत. गुलाबी पट्टा म्हणजे मला मळकट करडा. कॉलेजात मित्र म्हणायचा "गुलाबीवालं महत्त्वाचं, हिरवंवालं सोड." मी दोन्ही पाठ करून जायचो.

काकांना प्रश्न: मग उपाय काय? राखाडी करूच नये का?

---

प्रोसेस_काका

राघू, करावं, पण तिघांची खिचडी करून नाही. आमच्या कॅमेऱ्यावर एक नियम होता: जो रंग घालवायचा, त्याच रंगाची काच भिंगापुढे लावायची. लाल शिक्का पडलेला जुना कागद पुन्हा छापायचा असेल तर लाल फिल्टर, कोडॅकचं २५ नंबरचं. लाल काचेतून पांढरा कागदही लाल दिसतो आणि लाल शिक्काही लाल. दोघांत फरकच उरत नाही, म्हणजे शिक्का गेला. काळं अक्षर मात्र लाल काचेतूनही काळंच. फिल्म तेवढी लाल रंगाला जागणारी लागायची. नेहमीची लिथ फिल्म लालला आंधळी असते, तिच्यावर लाल आणि काळा एकच. उलट फिकट निळी पेन्सिल तिच्यावर उमटायचीच नाही, म्हणून आमचे आर्टिस्ट खुणा निळ्या पेन्सिलीने करायचे.

आता फिल्म नको आणि काचही नको. फोटोत लाल, हिरवा, निळा आधीच वेगळे ठेवलेले आहेत. त्यातला फक्त लाल भाग घ्या. वरचेच आकडे बघा. पिवळ्याचा लाल २४०, गुलाबीचा लाल २४५, कोऱ्या कागदाचा २३५, अक्षर ५०. पट्टे जवळजवळ गेलेच.

घरी खात्री करायची असेल तर मखरासाठी आणतो तो लाल जिलेटीनचा कागद डोळ्यापुढे धरून पान बघा. पिवळा-गुलाबी दिसेनासा होईल आणि निळा पट्टा काळा पडलेला दिसेल. निळी शाई लाल प्रकाश खाते, त्यामुळे निळ्या पट्ट्याला लाल भाग घातक. त्याच्यासाठी निळा भाग घ्यायचा आणि हिरव्या पट्ट्यासाठी हिरवा.

---

पेठी_खडूस

जिलेटीनचा कागद धरून बघितला. गणपतीच्या डब्यात होता. खरंच की हो, नातवाच्या पुस्तकातला गुलाबी पट्टा गेला! सौ. म्हणतात आता हा कागद डोळ्याला बांधून बसा.

---

सई_कर्वेनगर

खडूसकाका :D :D

प्रोसेसकाका, खूप आभार. पण हे फोनवर कसं करायचं? माझ्याकडे लॅपटॉप नाही, अभ्यासिकेतला आहे तो फक्त अकरा ते एक मिळतो. शिवाय माझ्या पानावर चारही रंग आहेत. एकाच पानासाठी लाल भाग, हिरवा भाग, निळा भाग असे तीन फोटो करायचे का?

---

कोडगा

फोनवर Snapseed असेल तर त्यात Black & White आहे, त्यात खाली रंगीत गोळ्यांचं फिल्टर मिळतं. लाल निवडलं की काका म्हणतात ते बरंचसं होतं. चार रंगांसाठी मात्र लॅपटॉपच बरा.

तीन फोटो करायची गरज नाही. प्रत्येक ठिपक्यापाशी तीन आकड्यांतला सगळ्यात मोठा आकडा घ्या. पिवळ्यात लाल मोठा, गुलाबीत लाल, हिरव्यात हिरवा, निळ्यात निळा. प्रत्येक हायलायटर तीनातला एकतरी रंग शाबूत सोडतोच, नाहीतर तो चमकदार दिसलाच नसता. काळ्या अक्षराचे मात्र तिन्ही आकडे लहान, त्यामुळे मोठ्यात मोठा घेतला तरी तो लहानच. लॅपटॉपवर ImageMagick हा प्रोग्रॅम असेल तर एका ओळीचं काम:

```
magick pan47.jpg -separate -evaluate-sequence Max saaf.png
```

फक्त लाल भाग हवा असेल तर:

```
magick pan47.jpg -channel R -separate lal.png
```

अकरा ते एकमध्ये शंभर पानं होतील.

---

प्रोसेस_काका

कोडगा, हे भारी आहे. आम्हाला यासाठी चार वेगळी एक्स्पोजर द्यावी लागली असती.

पण एक धोका सांगून ठेवतो. "सगळ्यात मोठा" हा हावरट आहे, तो हायलायटर आणि रंगीत छपाई यांत भेद करत नाही. पुस्तकात निळ्या शाईत छापलेले मथळे असतील, किंवा नकाशातल्या निळ्या नद्या, त्याही कागदात विरघळतील. निळ्या मथळ्याचा निळा आकडा २०० असला तर अक्षर २०० वर गेलं. कागद २३५. वाचायला काय उरलं? लाल बॉलपेनने समासात लिहिलेलंही तसंच जाईल.

---

मुठाकाठची

अवांतर, पण विषयाला धरून. आईला मोतीबिंदू होता. मी तिच्या ज्ञानेश्वरीत पिवळ्याने खुणा करून द्यायचे, रोज कुठून वाचायचं ते कळावं म्हणून. ती म्हणायची, "तू खूण करतेस म्हणतेस, पण दिसत तर नाही." मला वाटायचं विसरते. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी तिने पुस्तक उघडलं आणि ओरडली, "अगं हे केवढं पिवळं केलंयस!"

डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यातलं भिंग पिवळट झालं की निळा प्रकाश अडतो. काकांच्या भाषेत तिच्या डोळ्यापुढे पिवळी काच लागली होती, तीच खूण घालवणारी. काका, बरोबर ना?

---

प्रोसेस_काका

अगदी बरोबर. तोच नियम. तिला निळ्या रंगाची खूण मात्र गडद दिसली असती.

---

ढेपेवाडा

मुठाकाठची, छान प्रसंग. माझ्याकडूनही एक भर. मी कोडगाची युक्ती करून बघितली, पण व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर. पट्टा गेला खरा, पण अक्षरांभोवती चौकोनी चौकोनी डाग आले, जणू कोणी पाण्याची बोटं लावलीत. फॉर्म्युलात काहीतरी चुकतंय.

---

कोडगा

फॉर्म्युला बरोबर आहे, फोटो मेलेला आहे. जेपेग उजेडाची माहिती बारीक ठेवतं, पण रंगाची बहुतेकदा निम्म्या बारकाईने, म्हणजे चार ठिपक्यांच्या चौकोनाला मिळून एकच रंग. व्हॉट्सॲप त्यावर आणखी दाबतं. नुसतं बघताना डोळ्याला ते कळत नाही. पण आपण इथे रंगच सुटे करतोय, म्हणजे नेमकी तीच गोष्ट उकरतोय जिच्यात काटकसर केली होती. अक्षराच्या कडेला पट्ट्याचा रंग सांडलेला दिसतो. निळा भाग सगळ्यात गचाळ निघतो.

म्हणून सई, दोनच पथ्यं. रंग काढायचं काम तू पाठवण्याआधी कर, मूळ फोटोवर. आणि पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे दाबला जात नाही. साफ करून पाठवलास तर बहिणीकडे करण्यासारखं काही उरतच नाही.

---

अनुस्वार

मी एका दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी पुस्तकांचे फोटो काढून ते मजकुरात बदलून देते. गेल्या वर्षी हायलायटरवाल्या पुस्तकाने मला रडवलं, म्हणून लिहितेय.

इंग्रजी पानापेक्षा मराठी पानावर हायलायटर जास्त नुकसान करतो, असा माझा अनुभव आहे. हायलायटर ओढताना त्याच्या दोन्ही कडांना शाई साचते, त्यामुळे पट्ट्याच्या वर आणि खाली एकेक गडद बारीक रेघ येते. आपल्याकडे शब्दाच्या डोक्यावर आधीच एक रेघ आहे. पट्ट्याची वरची कड शिरोरेषेच्या जरा वर गेली की वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार कापत जाते. "कोणी"चं "काणी" होतं. खालची कड उकार खाते. काळं-पांढरं करताना स्कॅन प्रत्येक जागी आजूबाजूचं बघून निर्णय घेत असेल तर पट्ट्याचं पोट पांढरं होतं खरं, पण ही कड टिकते. मग ओळीला दोन शिरोरेषा दिसतात आणि मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर पार गोंधळतं.

दुसरं म्हणजे कागद खडबडीत असेल तर पट्ट्यात बारीक गडद ठिपके राहतात. ते शिरोरेषेवर पडले की नवे अनुस्वार जन्माला येतात. गळलेला अनुस्वार वाचणाऱ्याला लगेच खटकतो. उगाच आलेला खटकत नाही, कारण तो शब्दही पुष्कळदा खराच असतो. "मत"चं "मंत" झालं तर कळतं, "अग"चं "अंग" झालं तर कोण बघायला जातंय?

---

पेठी_खडूस

ताई, तुम्ही फार पुण्याचं काम करता. आणि हो, मला माझा पहिला प्रतिसाद मागे घ्यायचा नाही, उलट आता जास्तच पटला आहे.

---

अनुस्वार

काका, तुमच्या वेळची पेन्सिलही काही निर्दोष नव्हती. शिसपेन्सिल करडी असते, तिचे तिन्ही आकडे सारखेच खाली. तिला कुठलंच फिल्टर घालवू शकत नाही. अक्षरावरून गेलेली पेन्सिल मला हायलायटरपेक्षा जड जाते.

---

पेठी_खडूस

समासात मारायचो म्हटलं ना!

---

सई_कर्वेनगर

आज अभ्यासिकेत करून आले. निकाल सांगते.

पान ४७, तेच कलम १९ वालं. आधी मी एक चूक करत होते ती कोडगाच्या सांगण्याआधीच कळली. रात्री टेबललॅम्पखाली फोटो काढायचे, पान एका बाजूला पिवळट आणि दुसऱ्या बाजूला माझ्या डोक्याची सावली. आज सकाळी खिडकीपाशी काढला, ऊन थेट पडू न देता, फ्लॅश बंद. पुस्तक उघडं दाबून धरायला मैत्रीण होती.

"सगळ्यात मोठा" वाली ओळ चालवली. गुलाबी, पिवळा, हिरवा, तिन्ही गेले! ९ दिसतो, त्याची शेपटीसुद्धा. निळा पट्टा मात्र पूर्ण गेला नाही, फिकट सावली राहिलीय, पण वाचता येतंय. मालकाने समासात लाल पेनने "imp!!!" असं अकरा ठिकाणी लिहिलं होतं, तेही बरंच पुसट झालं. आनंदच आहे.

आता अडचणी. प्रकरणाचे मथळे निळ्यात छापलेत, ते काका म्हणाले तसे पुसट झाले. ते मी हाताने लिहून पाठवणार. दुसरं, पान ११२. तिथे महाराजांनी आधी गुलाबी मारलाय आणि मग मत बदलून त्यावरच हिरवा मारलाय. तिथे तपकिरी चिखल आहे. लाल भाग घेतला, हिरवा घेतला, मोठ्यात मोठा घेतला, काहीच जात नाही.

---

प्रोसेस_काका

शाबास. निळ्याची सावली राहणारच. निळ्या हायलायटरच्या पट्ट्यात निळा आकडा कागदाच्या आकड्याइतकाच असतो असं नाही, शाई थोडा तोही खाते. आणि खिडकीपाशी काढलात ते उत्तम केलंत. या शाया चमकदार दिसतात त्या उजेडातला निळा-जांभळा भाग घेऊन आपला रंग परत फेकतात म्हणून. पिवळ्या दिव्यात तो भाग कमी, मग पट्टा मळकट दिसतो आणि घालवायला जड जातो.

पान ११२ चं कारण सोपं, उपाय अवघड. गुलाबीने हिरवा खाल्ला, हिरव्याने लाल आणि निळा खाल्ला. शाबूत काही राहिलंच नाही. समजा लाल १३५, हिरवा ११०, निळा ८५. मोठ्यात मोठा १३५. पण अक्षर अजून ५० वरच आहे, म्हणजे दोघांत फरक आहे, फक्त तो पानाच्या बाकीच्या भागाशी जुळत नाही. तेवढाच तुकडा कापून घ्या आणि काळं-पांढरं करायची रेघ त्याच्यासाठी वेगळी लावा, ९० च्या आसपास. मग तो तुकडा परत पानावर चिकटवा. आम्ही ब्लेड आणि गोंदाने हेच करायचो.

---

कोडगा

किंवा आजूबाजूचं बघून रेघ ठरवणारी पद्धत वापर, चौकट मोठी ठेवून, अक्षराच्या उंचीच्या दोनतीन पट तरी. कापाकापी नको.

---

अनुस्वार

कोडगा, मी तेच करत होते आणि कडांच्या दोन शिरोरेषा त्यातूनच आल्या. चिखलाच्या पानावर काकांची ब्लेडवाली पद्धत जास्त विश्वासाची.

---

कोडगा

माझ्या पानांवर तरी कडा आल्या नाहीत. पण माझं पुस्तक गुळगुळीत कागदाचं होतं, ते मान्य.

---

रंगांधळा_राघू

सई, एक फुकटचा सल्ला. पान ४७ साफ झालं ते खरं, पण बहिणीला "हे महत्त्वाचं" हे कळणार कसं? तिच्याकडे आता माझ्यासारखंच सगळं सारखं.

---

सई_कर्वेनगर

राघूदादा, तिला तेच विचारलं. म्हणाली, "तू साफ प्रिंट पाठव, मी माझा हायलायटर मारते." कुठला रंग घेऊ म्हणून विचारतेय.

---

ढेपेवाडा

पिवळा!!

---

पेठी_खडूस

पेन्सिल. समासात.

---

मुठाकाठची

पिवळाच, पण मोतीबिंदू व्हायच्या आत वाचून संपव म्हणावं.

---

सई_कर्वेनगर

पान ११२ उद्या अकरा वाजता कापून बघते. काका, ९० वर नाही जमलं तर किती वर न्यायचं?

---

प्रोसेस_काका

वर नेताना पाचापाचाने जा आणि दर वेळी "स्वातंत्र्य" हा शब्द बघा. त्यातला अनुस्वार दिसायला लागला आणि "त्र्य" अजून भरला नसेल, तिथे थांबा. त्यापुढे चिखल आत येतो. तरी नाही जमलं तर मूळ फोटो इथे टाका, माझ्याकडे वेळच वेळ आहे.